सातबाऱ्याच्या अनुवादासोबतची कव्हर नोट

भाऊ, नागपूरच्या लॉ फर्मला पहिलंच काम पाठवतो आहेस, तर नोट एका पानात बसव.

आधी गृहीतकं लिही. तलाठ्याच्या अक्षरात नाव लागत नसेल तर पक्षकाराच्या आधारकार्डावरचं स्पेलिंग घेतलं, हे सांग. पुसट शिक्का अंदाजाने भरू नको. चौकोनी कंसात ‘अस्पष्ट’ लिही आणि नोटमध्ये पान क्रमांक दे. 1.20 हे. आर म्हणजे 1 हेक्टर 20 आर, त्याचे एकर करत बसू नको.

खरी मेख ‘भोगवटादार वर्ग 2’ मध्ये आहे. नवीन मंडळी नुसतं ‘ओनर’ लिहून मोकळी होतात. पण ही जमीन साधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि त्या एका शब्दात नेमकं हेच बंधन गायब होतं. म्हणून मूळ शब्द रोमन लिपीत तसाच ठेव, शेजारी शब्दशः अर्थ दे आणि नोटमध्ये दोन ओळींचा खुलासा कर. खुलासा शब्दापुरताच. परवानगी लागत होती का, व्यवहार टिकेल का, हे वकील बघतील. तिथे आपण मत द्यायचं नाही.

फाइल वर्ड आणि पीडीएफ दोन्हींत दे. अनुवादाचं पान मूळ पानाशी जुळलेलं हवं, आणि फाइलच्या नावात गाव व गट क्रमांक टाक.