शीटची लिंक नेमक्या टॅबवर उघडत नाही – उत्तर

> माझ्या गूगल शीटमध्ये सहा टॅब आहेत, त्यात ‘वेळापत्रक’ चौथा. त्या टॅबवर असतानाच Share मधून लिंक घेऊन ग्रुपवर टाकली, तरी सगळ्यांना पहिला ‘सूचना’ टॅबच उघडतो. मागच्या महिन्यात ॲड्रेस बारमधली लिंक टाकली तेव्हा बरोबर चालली होती. या महिन्यात तीच लिंक पुन्हा पहिल्या टॅबवर नेते. काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण याच ‘मागच्या महिन्यात चालत होती’ने आमचा भरपूर वेळ खाल्ला आहे. मी जे सांगतोय ते गूगल शीट्सपुरतं आणि संगणकावरच्या ब्राउझरमधलं आहे, एवढं आधी सांगून ठेवतो. परवानग्या कशा द्यायच्या वगैरे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

आधी सोपा भाग. Share च्या खिडकीतलं `Copy link` बटण फाइलची लिंक देतं, टॅबची नाही. तुम्ही कुठल्या टॅबवर उभे आहात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ती लिंक साधारण अशी दिसते:

```
https://docs.google.com/spreadsheets/d/FILE_ID/edit?usp=sharing
```

यात टॅबचा उल्लेखच नाही, म्हणून पहिला टॅब उघडतो. हव्या त्या टॅबवर क्लिक करून वरच्या ॲड्रेस बारकडे पाहिलंत तर शेवटी `gid=` आणि एक आकडा दिसेल. तो त्या टॅबचा आकडा. हल्ली तो दोनदा दिसतो:

```
.../edit?gid=1837462950#gid=1837462950
```

बारमधली पूर्ण लिंक उचलून पाठवा, झालं. हाताने जोडायची असेल तर `?usp=sharing` आधी आणि `#gid=...` अगदी शेवटी. उलटं केलं की `?usp=sharing` हा भाग आकड्यालाच चिकटतो आणि मग त्या लिंकचा भरवसा नाही. कुणाची जुनी लिंक घेऊन त्यात फक्त आकडा बदलत असाल तर दोन्ही ठिकाणचा बदला.

आता खरा मुद्दा. हा आकडा टॅबच्या नावाला बांधलेला नसतो आणि क्रमालाही नसतो. ‘वेळापत्रक’चं नाव बदला, त्याला ओढून सहाव्या जागी न्या, आकडा तोच राहतो आणि लिंक चालत राहते. पण टॅब डिलीट केला की आकडाही गेला. त्याच नावाचा नवा टॅब त्याच जागी ठेवलात तरी त्याला नवाच आकडा मिळतो. `Duplicate` करून बनवलेल्या टॅबलाही नवाच. आणि सगळ्यात त्रासदायक गोष्ट म्हणजे मेलेल्या आकड्याची लिंक उघडली तर ‘टॅब सापडला नाही’ असं कुणी सांगत नाही. गुपचूप पहिला टॅब उघडतो. त्यामुळे लिंकच चुकीची घेतली होती की टॅब बदललाय, हे समोरच्याला कळायला मार्गच नसतो.

मी तेव्हा ज्या संस्थेत होतो तिथे पाळ्यांचं वेळापत्रक असंच चालायचं. मदतीसाठी एक संगणक विभाग होता, नाव घेत नाही. त्यांचा लेखी नियम असा की महिना संपला की जुना टॅब उडवायचा, ‘नमुना’ टॅबची डुप्लिकेट काढायची आणि तिला पुन्हा ‘वेळापत्रक’ नाव द्यायचं. दिसायला सगळं जिथल्या तिथे. पण फलकावर चिकटवलेला क्यूआर कोड, ग्रुपच्या माहितीत टाकलेली लिंक, नव्या लोकांना जाणारी मेल, सगळीकडे जुना आकडा. लोक यायचे, ‘सूचना’ टॅब पाहायचे, वेळापत्रक अजून लागलंच नाही समजून परत जायचे आणि पाळीला कुणी नाही. विभागाला कळवलं की ठरलेलं उत्तर: परवानगी तपासा, कॅशे साफ करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहा. अहो, परवानगी नसती तर फाइलच उघडली नसती! पहिला टॅब दिसतोय याचाच अर्थ परवानगी व्यवस्थित आहे. शेवटी त्यांनी सुचवलं की वेळापत्रक ओढून पहिल्या जागी ठेवा. मग सूचना कुणाला दिसेनात. आकडा बदलतो हे त्यांच्यातल्या एकानेही तपासलं नाही, याचा राग मला आजही आहे.

तपासायला खरं तर क्षण पुरतो. ग्रुपवर टाकलेली लिंक मजकूर म्हणून वाचा, तिच्यातला आकडा पाहा. मग शीटमध्ये ‘वेळापत्रक’वर क्लिक करून बारमधला आकडा पाहा. समजा लिंकमध्ये 1837462950 आहे आणि बारमध्ये 620418337. म्हणजे टॅब नवा आहे, विषय संपला. दोन्ही सारखे असतील तर लिंक वाटेत तुटली असण्याचा संशय घ्या. लिंक छोटी करणाऱ्या किंवा मधल्या पानावरून नेणाऱ्या काही सेवांमध्ये `#` च्या पुढचा भाग गळून पडतो.

तुमचं वर्णन वाचून मला जवळपास खात्री आहे की तुमच्याकडे कुणीतरी दर महिन्याला टॅब उडवून नवा करतंय. माझं ठाम मत: ज्या टॅबची लिंक बाहेर गेली आहे तो टॅब कधीही डिलीट करायचा नाही. महिना संपला की त्याची डुप्लिकेट काढा, त्या डुप्लिकेटला ‘वेळापत्रक मार्च’ असं नाव देऊन जुनी नोंद म्हणून बाजूला ठेवा आणि मूळ टॅबमधला मजकूर पुसून नवा महिना भरा. काम तेवढंच, फक्त दिशा उलटी. आकडा कायम, क्यूआर कोड कायम.

यातूनही कुणी चुकून ‘सूचना’वर पोचलंच तर तिथे वरच्या ओळीत एक दुवा ठेवा, फाइलमधल्या फाइलमध्ये पूर्ण पत्ता लागत नाही:

```
=HYPERLINK("#gid=620418337","वेळापत्रक पाहा")
```

जाता जाता, नेमक्या ओळींवर न्यायचं असेल तर लिंकच्या शेवटी `&range=A40:F55` जोडता येतं. पण वर नव्या ओळी घातल्या तर लिंकमधला पत्ता आपोआप सरकत नाही. म्हणून रोज बदलणाऱ्या तक्त्याला मी ते वापरत नाही.

आणि एक गोष्ट कृपया गांभीर्याने घ्या. टॅबची लिंक म्हणजे टॅबपुरती परवानगी नव्हे. लिंक मिळालेला माणूस खालच्या पट्टीवरून बाकीचे पाचही टॅब पाहू शकतो. टॅब लपवणं हाही बंदोबस्त नाही, कारण फाइलची प्रत काढू शकणाऱ्याला त्यात लपवलेला टॅब उघडता येतो. त्या सहांपैकी एखाद्यात लोकांचे फोन नंबर किंवा पैशांचा हिशेब असेल तर तो टॅब आजच वेगळ्या फाइलमध्ये हलवा. `Publish to web` मधून एकच टॅब निवडून प्रकाशित करता येतो हे खरं, पण ते पान पत्ता मिळेल त्या कुणालाही उघडतं, म्हणून पाळ्यांच्या यादीत नावं असतील तर मी तरी ते सुचवणार नाही.

नवी लिंक टाकण्याआधी एकदा खासगी खिडकीत आणि एकदा फोनवरच्या ॲपमध्ये उघडून पाहा. आणि शीटमध्ये बदल करायची परवानगी ज्यांना आहे त्यांना ‘हा टॅब उडवू नका’ हे स्पष्ट सांगा, किंवा टॅबच्या नावावर राइट-क्लिक करून `Protect sheet` लावा.