वांग्याच्या भरतातून सापडलेलं कुलदैवत

"ताई, लग्नाला चौदा महिने झाले. आमचं कुलदैवत कोणतं, हे सासरी कुणालाच नक्की माहीत नाही. जोडीनं देवाला गेलो नाही म्हणून घरात सारखं बिनसतंय, असं आई म्हणतात. जायचं तरी कुठे? आणि आता उशीर झाला का?"

उशिराचं आधी सांगते. ओल्या हळदीनं जोडीनं देवाला जावं ही रीत आहे, पण मुदत उलटली म्हणून देव कोपतो असं काही नसतं. अडचण असली तर लोक देवघरात नारळ ठेवून 'येतो' म्हणतात आणि जमेल तेव्हा जातात.

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणी घेऊन येतात की मी आता थेट घराण्याचा नकाशाच काढायला बसते. कोण कुठून आलं, कुणाचं कुणाशी बोलणं तुटलं. माझा पिंडच तसा आहे. माणसापेक्षा मला आधी त्याचं घर दिसतं.

या मुलीचे आजेसासरे कराडकडच्या एका गावातून मुंबईला गिरणीत आले. ते धाकटे. देव राहिले गावी, थोरल्या घरी. पुढे जमिनीवरून दोन्ही घरं तुटली, नंतर सासरेही गेले. नवऱ्यानं मोबाईलवर आडनावाची यादी शोधली होती. तिच्यावर विसंबू नका. एकाच आडनावाच्या दोन घराण्यांची दैवतं वेगळी असू शकतात. पत्रिका पाहून पैसे घेऊन कुलदैवत सांगणाऱ्यांपासूनही लांबच राहा.

दुसऱ्या भेटीला सासूबाई आल्या. मी विचारलं, "घरात काय खायचं नाही, असं काही होतं का?"

"चातुर्मासात वांगी नाही. माझ्या सासूबाई चंपाषष्ठीपर्यंत घरात येऊ द्यायच्या नाहीत."

"आणि चंपाषष्ठीला?"

"भरीत-रोडगा. आधी देवाला, मग आम्हाला." बोलता बोलता त्या थांबल्या. "म्हणजे खंडोबा?"

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य म्हणजे खंडोबाच्या घराण्याची मोठी खूण. घरात विसरलेला देव बरेचदा स्वयंपाकात शिल्लक असतो, हे मला अनुभवानं कळलंय. जुन्या लग्नपत्रिकेच्या माथ्यावरचं नाव बघा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगून पूर्वजांची नोंद शोधता येते. तिथून निदान मूळ गाव आणि भावकी हाती लागते.

पण खंडोबा कुठला? मुलगा म्हणाला, "जेजुरी जवळ पडते, तिकडेच जाऊ." जायला हरकत नाही, पण घराण्याचं ठाणं पालीचंही असेल, मंगसुळीचं किंवा नळदुर्गचंही. ते सांगू शकणारं घर एकच होतं, ज्याच्याशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

चार भेटी याच एका फोनवर गेल्या. सासूबाई म्हणायच्या, "त्यांनी आधी करावा." मी देवाचं नाव काढलंच नाही. एवढंच म्हटलं, "जमिनीचं बोलू नका. फक्त भरताचं विचारा."

फोन माझ्यासमोर झाला. "भावजी, आपल्याकडं चंपाषष्ठीला भरीत-रोडगाच असायचा ना?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग चुलत दीर म्हणाले, "अजून करतो की वहिनी. तुमच्या घरच्या वाट्याचा रोडगा गाईला घालतो." सासूबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावला. घरात काय बिनसलं होतं ते मला त्या क्षणी दिसलं, आणि सुनेलाही.

संध्याकाळी टाकाचा फोटो आला. देवघरात पुजतात तो चांदीचा ठसा. झिजून गुळगुळीत झालेला, तरी घोडा, त्यावर जोडीनं खंडोबा-म्हाळसा आणि खाली कुत्रा ओळखू येत होते. ठाणं पालीचं निघालं, सातारा जिल्ह्यात, तारळी नदीकाठी.

जाण्याआधी दोन शंका उरल्या. मुलाची कंबर दुखायची. "बायकोला उचलून चढावंच लागतं का?" ती रीत जेजुरीच्या पायऱ्यांची, आणि तिथंही पाच पायऱ्या पुरतात, न झेपलं तर हात धरावा. सुनेची शंका खोल होती. "माहेरची तुळजाभवानी आता माझी नाही?" रीतीनं सासरचा कुळाचार आता तिचा झाला, पण तुळजापूरला जाऊन ओटी भरायला तिला कुणी अडवत नाही. कुलदैवत म्हणजे घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र पुजलेला देव. त्यानं दुसरा देव पुसला जात नाही.

भंडारा, खोबरं, विड्याची पानं, सुपारी, सगळं त्यांनी नेलं. तळी उचलायला पाच जण लागतात आणि या घरात पुरुष एकटा तो. चुलत दीर दोन मुलं आणि एक पुतण्या घेऊन आधीच येऊन थांबले होते. पाच हात ताटाला लागले, 'सदानंदाचा येळकोट' म्हणत तळी तीनदा वर गेली, आणि भंडारा आधी सासूबाईंच्या कपाळाला लागला, मग सुनेच्या.