सर्व्हे फीडबॅक नेमका ओळखायचा कसा?

प्रश्न: चेंज मॅनेजमेंटच्या क्विझमध्ये सर्व्हे फीडबॅक, टीम बिल्डिंग आणि सेन्सिटिव्हिटी ट्रेनिंग यांत माझा नेहमी गोंधळ होतो. फरक कसा ओळखू?

उत्तर: गोळा केलेली माहिती शेवटी कुणाकडे परत जाते, ते आधी बघा. समजा, पणजीतल्या एका हॉटेलात सगळ्यांनी नाव न लिहिता प्रश्नावली भरली. ‘वरिष्ठ आमचं ऐकतात’ या विधानाला फ्रंट ऑफिसने 5 पैकी सरासरी 4 दिले, हाउसकीपिंगने फक्त 2. अहवाल मॅनेजरच्या कपाटात गेला, तर तो नुसता सर्व्हे. तेच आकडे हाउसकीपिंगच्या मुलींसमोर, त्यांच्या सुपरवायझरला बसवून मांडले, 2 का आले ते त्यांनीच शोधलं आणि उपाय ठरवले, तर सर्व्हे फीडबॅक. पर्यायांत ‘निकाल वरिष्ठांना सादर केला’ एवढंच असेल तर फसू नका. माझे मार्क तिथेच गेले होते.

सेन्सिटिव्हिटी ट्रेनिंगमध्ये प्रश्नावली नसते, ठरलेला अजेंडाही नसतो. आपल्या वागण्याचा समोरच्यावर काय परिणाम होतो, हे छोट्या गटात मोकळेपणाने बोललं जातं. कर्ट लेविन यांच्या 1946च्या कनेक्टिकटमधल्या कार्यशाळेतून ते आलं. ‘टी-ग्रुप’ दिसलं की हेच.

टीम बिल्डिंगमध्ये रोज एकत्र काम करणारी टीमच आपली उद्दिष्टं आणि भूमिका तपासते. कोलव्याची पिकनिक त्यात बसत नाही.