क्लिप जुनी आहे, हे दाखवायचं कसं?

«मॅडम, मी चिपळूणला टीवायबीएला आहे. पाऊस वाढला की ग्रुपवर ‘आत्ताचा पूर’ म्हणून व्हिडिओ येतात आणि बरेचसे जुने निघतात. मला फॅक्ट-चेकिंगमध्ये जायचंय. कोर्स लावू का? सुरुवात कुठून करू?» – एक विद्यार्थिनी

कोर्सचे पैसे तूर्त राहू देत. या कामात आधी विचारतात ते, तू काय काय पडताळलंस. आणि सरावासाठी चिपळूणसारखं गाव नाही. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही वेळा वाशिष्ठीचं पाणी त्याच बाजारपेठेत शिरलं. म्हणजे जागा जुळली तरी तारीख सिद्ध होत नाही. नवशिके नेमके इथेच फसतात.

समजा, ‘चिपळूण, आज पहाटे’ असं लिहिलेली २८ सेकंदांची क्लिप आली. आधी तिच्या फ्रेम काढ. ब्राउझरमध्ये InVID-WeVerify हे एक्स्टेन्शन टाकलंस की त्यातलं Keyframes हे काम करतं. कॉम्प्युटरवर ffmpeg असेल तर सेकंदाला एक फ्रेम अशी निघते:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf fps=1 f_%03d.png
```

त्यातल्या चार-पाचच निवड आणि गुगल लेन्समध्ये टाकून आधीच्या प्रती शोध. नुसतं गढूळ पाणी दिसणारी फ्रेम घेऊ नकोस, कारण गढूळ पाणी सगळीकडे सारखंच. लेन्स तुला देशभरातले पूर दाखवेल. दुकानाची पाटी, गॅलरीची जाळी, वळणावरची इमारत असं काही ठळक असलेली, न हललेली फ्रेम हवी. वर चिकटवलेली मजकुराची पट्टी आणि लोगो कापून टाक, नाहीतर शोध त्या पट्टीवरच भरकटतो. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली, तर कोणीतरी व्हिडिओ आरशासारखा फिरवलाय. फ्रेम आडवी उलटवून पुन्हा शोध. लेन्समध्ये काही नाही मिळालं तर यांडेक्स बघ. टिनआयमध्ये Oldest लावून सर्वांत जुनी प्रत वर आणता येते, पण ते चित्रं शोधतं, व्हिडिओच्या आत शिरत नाही. फ्रेम कुठे बातमीचा फोटो किंवा थंबनेल म्हणून वापरली गेली असेल, तरच तिथे सापडेल.

आता समजा, जुलै २०२१ मध्ये अपलोड झालेला एक यूट्यूब व्हिडिओ मिळाला. तेवढ्यावर थांबू नकोस. दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून क्षणिक गोष्टी जुळव: वाहून जाणारा निळा पिंप त्याच खांबाला त्याच बाजूने आपटतोय का, कठड्यावरच्या माणसाच्या हातात तीच छत्री आहे का, मागून ऐकू येणारी हाक त्याच क्षणी येते का. इमारत वर्षानुवर्षं तीच राहते. पिंप, छत्री आणि हाक एकाच वेळी पुन्हा तशाच येत नाहीत. अशा दोन-तीन जुळल्या की ते एकच चित्रीकरण. गाडीच्या नंबरवर मात्र फार विसंबू नकोस. MH 08 म्हणजे रत्नागिरीची नोंदणी हे खरं, पण एसटीवर MH 14 किंवा MH 20 दिसलं म्हणून व्हिडिओ पुण्या-संभाजीनगरकडचा ठरवू नकोस. महामंडळाच्या गाड्या जिथे बांधल्या जातात तिथली ती नोंदणी असते.

मेटाडेटाचं, म्हणजे फाइलमध्ये आपोआप नोंदल्या जाणाऱ्या तारीख-वेळेसारख्या माहितीचं, कौतुक जरा जास्तच होतं. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ पाठवताना तो पुन्हा दाबून बनवतं, त्यात मूळ नोंदी बहुतेक पुसल्या जातात. `VID-20250722-WA0007.mp4` या नावातली तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या-मिळाल्याची, चित्रीकरणाची नव्हे. म्हणून ज्याने शूट केलं असं म्हणतात त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागव आणि मग exiftool या प्रोग्रॅमने तिच्यातल्या वेळेच्या नोंदी बघ:

```
exiftool -a -G1 -time:all clip.mp4
```

यात File Modification Date म्हणजे बहुधा फाइल तुझ्याकडे सेव्ह झाल्याची वेळ, ती सोडून दे. QuickTime गटातलं Create Date बघ. ते सहसा यूटीसीमध्ये असतं, म्हणून साडेपाच तास मिळव. 03:10 दिसलं तर आपल्याकडे सकाळचे 8:40. क्लिपमध्ये पहाटेचा अंधार असेल, तर काहीतरी जुळत नाही. शिवाय ही नोंद बदलताही येते, म्हणून ती आधार होईल, पुरावा नाही.

आणखी एक गोष्ट पक्की ठेव. दाव्याच्या तारखेआधीची एक खात्रीची प्रत मिळाली की क्लिप जुनी ठरली. काहीच नाही मिळालं तर ‘नवीन आहे’ असं लिहायचं नाही; ‘जुनी प्रत आढळली नाही’ एवढंच लिहायचं. बातमीच्या पानावरची तारीखही तपासून घे, कारण जुन्या बातमीत नंतर व्हिडिओ बदललेला असू शकतो.

या पावसाळ्यात अशा दहा क्लिप पूर्ण कर. प्रत्येकीसाठी दावा, सर्वांत जुन्या प्रतीची लिंक आणि तारीख, जुळलेले क्षण सेकंदांसह, आणि web.archive.org वर जतन केलेली प्रत असं एका पानावर मांड. फसलेल्या शोधांची पानंही ठेव. अर्जासोबत हीच फाइल जोड.