हरलेल्या डावांचीच वही ठेवू नका

«ऑनलाइन लुडोत मला सहा पडतच नाही, समोरच्याला पटापट पडतो. फासा ठरवून टाकतात का? तपासायचं कसं?»

तुमची पोस्ट वाचून माझी दोन वर्षांपूर्वीची वही आठवली. मी सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे दानंही लिहून ठेवायचो. पण फक्त हरलेल्या डावांची! डाव हातचा गेला की चिडून मागची दानं उतरवायची, जिंकलो की वही बंद.

अशी ३०० दानं जमली. प्रामाणिक फाशावर प्रत्येक आकडा साधारण ५० वेळा यायला हवा. माझ्याकडे एक ते सहा अनुक्रमे ५८, ५२, ५६, ४९, ५७ आणि २८ वेळा आले. काय-स्क्वेअर चाचणी सोपी आहे: प्रत्येक आकड्याचा ५० पासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, ५० ने भागा आणि सहाही उत्तरांची बेरीज करा. माझी बेरीज १२.७६ आली. प्रामाणिक फाशाची बेरीज ११.०७ च्या वर शंभरात पाचेक वेळाच जाते. झालं, मी ग्राहक सेवेला तक्रार ठोकली. त्यांनी वही पाहिलीच नाही, तीन आठवड्यांनी फासा तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची प्रत चिकटवून तक्रार बंद केली. त्याचा राग अजून आहे, कारण माझी चूक काय हे त्यांना एका ओळीत सांगता आलं असतं.

चूक अशी: सहा कमी पडले म्हणूनच तर सोंगट्या घरात अडकतात आणि आपण हरतो. हरलेले डाव वेचले की सहा कमीच दिसणार, फासा कितीही सरळ असो. पुढे जिंकलेले-हरलेले सगळे डाव मिळून ३०० दानं लिहिली: ५४, ४७, ५२, ५५, ५३, ३९. बेरीज ३.६८. म्हणजे सहा ३९ वेळाच येऊनही संशयाला जागा नाही.

तेव्हा किती दानं लिहायची ते आधी ठरवा आणि मध्येच थांबू नका. सहावर मिळणारं जादा दानही लिहा. समोरच्याची दानं वेगळ्या रकान्यात ठेवा.

मात्र ही चाचणी एकूण मोजणीच पाहते. एखाद्या खेळाने सोंगटी मारायच्या वेळीच दान बदललं, तर बेरीज ठीक येऊनही फसवणूक राहील. म्हणून «सहा हवा होता» अशी दानंही खेळताना, निकाल दिसण्याआधी खूण करून ठेवा. खूण केलेल्या १२० दानांत २० च्या आसपास सहा यावेत, १५ किंवा २५ आले तरी घाबरू नका.

स्क्रीनवर फिरणारा फासा बहुतेक खेळांत नुसतं चित्र असतं, आकडा सर्व्हरवर निघतो. त्यामुळे बटण दाबून धरण्याच्या युक्त्या सोडा. मी संगणकातला माणूस नाही, पण माझ्या मते ज्या गुप्त आकड्यावरून सगळी दानं निघतात त्या बीजाचा SHA-256 ठसा, म्हणजे बीज बदललं की बदलणारी खूण, डावाआधी दाखवून डाव संपल्यावर बीज उघड करणारा खेळ निवडावा. त्या बीजाचा ठसा स्वतः काढून आधीच्याशी जुळतो का पाहता येतं. आपलं बीजही त्यात मिसळू देत असतील तर अधिक चांगलं, नाहीतर त्यांनी सोयीचं बीज आधीच निवडलेलं असू शकतं.