पसंतीक्रम, फेऱ्या आणि ‘बेटरमेंट’ : वैद्यकीय प्रवेशाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या रँकला पुणे, मुंबई मिळणार नाही हे नक्की आहे. शिकवणीतले सर म्हणतात, वर अशी महाविद्यालये भरली तर पसंती वाया जातात आणि मिळण्याजोगी जागा दुसऱ्याला जाते. हे खरे आहे का? — एक विद्यार्थी, नांदेड

खरे नाही, आणि या समजुतीपायी दरवर्षी चांगल्या याद्या बिघडतात. जागावाटप करताना संगणक आधी गुणवत्ता क्रमांक पाहतो आणि पसंतीक्रम नंतर. ज्याचा क्रमांक आधी, त्याची संपूर्ण यादी वरून खाली तपासली जाते. त्यात त्याच्या प्रवर्गासाठी शिल्लक असलेली पहिली जागा त्याला दिली जाते आणि मगच पुढच्या क्रमांकाचा विद्यार्थी विचारात घेतला जातो.

समजा, तुमचा क्रमांक 14,000 आहे आणि तुमच्या यादीत पुण्याचे बी. जे., मग मिरज आणि मग लातूर आहे. त्याच प्रवर्गातल्या 14,200 क्रमांकाच्या विद्यार्थ्याने लातूर पहिल्याच ओळीत लिहिले आहे. तुमची पाळी आली तेव्हा पुणे आणि मिरज भरलेले असले, तर संगणक लातूरला येतो आणि लातूरची शेवटची जागा तुम्हाला मिळते. समोरच्याने लातूर पहिले लिहिले होते, याचा त्याला काहीही फायदा होत नाही. म्हणजे वर लिहिलेल्या अशक्य पसंतींनी तुमचे नुकसान झाले नाही. नुकसान दोनच प्रकारे होते. एक म्हणजे कमी आवडीचे महाविद्यालय ‘मिळेल म्हणून’ जास्त आवडीच्या वर लिहिणे, आणि दुसरे म्हणजे यादी इतकी आखूड ठेवणे की ती संपून जाते आणि हाती काहीच लागत नाही.

प्रश्न : मुलीला अखिल भारतीय कोट्यातून पहिल्या फेरीत चंद्रपूर मिळाले, प्रवेशही घेतला. दुसऱ्या फेरीत नागपूरसाठी प्रयत्न करायचा आहे. सुरक्षितता म्हणून खाली आणखी आठ-दहा महाविद्यालये भरून ठेवावीत का? — एक पालक, वर्धा

कृपया भरू नका. वरच्या उत्तरातला ‘यादी लांब ठेवा’ हा सल्ला तुमच्या बाबतीत नेमका उलटा होतो, कारण तुमच्या हातात आता जागा आहे आणि तुमची सुरक्षितता चंद्रपूरच आहे.

वैद्यकीय समुपदेशन समितीच्या, म्हणजे एमसीसीच्या प्रक्रियेत पहिल्या फेरीचे पसंतीक्रम दुसऱ्या फेरीसाठी रद्द होतात आणि ते नव्याने भरावे लागतात. पहिल्या फेरीत प्रवेश घेताना अपग्रेडेशनची तयारी दर्शवली असेल आणि नव्या यादीतली कोणतीही जागा मिळाली, तर आधीची जागा आपोआप रद्द होऊन लगेच दुसऱ्याला दिली जाते. ती परत मागता येत नाही. यादीतले काहीच मिळाले नाही, तर चंद्रपूर तुमच्याकडेच राहते.

आता समजा, तुम्ही नागपूरचे शासकीय महाविद्यालय, मग तिथलेच इंदिरा गांधी महाविद्यालय, मग पुणे, मिरज आणि तळाशी ‘असू द्यावे’ म्हणून गोंदिया असे भरले. वरची चारही भरलेली आहेत आणि गोंदियात एक जागा रिकामी आहे. संगणकाच्या दृष्टीने तुम्ही गोंदिया मागितले आहे, म्हणून तो ते देतो आणि चंद्रपूर जाते. तुमच्या मनात चंद्रपूर गोंदियापेक्षा वर होते, हे त्याला कळण्याची सोय नाही. ही ‘चूक’ दुरुस्त करण्यासाठी अर्ज करणारे पालक मी पाहिले आहेत. हाती काही लागत नाही, कारण वाटप नियमाप्रमाणेच झालेले असते.

तेव्हा घरी बसून सर्व महाविद्यालयांची एक सरळ यादी करा आणि त्यात चंद्रपूर प्रामाणिकपणे जिथे बसते तिथे लिहा. त्याच्यावरची नावेच दुसऱ्या फेरीत भरा. ती तीन असतील तर तीनच. ‘मिळाले तर मी उद्या सामान हलवीन का?’ हा प्रश्न प्रत्येक नावापुढे विचारावा. मुदत संपताना, यादी तुम्ही स्वतः लॉक केली नसली तरी, जी जतन झालेली असेल ती आपोआप लॉक होते. त्यामुळे अर्धवट किंवा प्रयोग म्हणून भरलेली यादी तशीच सोडू नका.

राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रक्रियेत हाच निर्णय ‘स्टेटस रिटेन्शन फॉर्म’ने होतो. तो भरून दिला की मिळालेली जागा कायम होते आणि पुढच्या फेऱ्यांत तुमचा विचार होत नाही. समाधान असेल तर तो अवश्य भरा. पण महाविद्यालयातल्या गर्दीत पुढ्यात आलेले सगळे कागद सही करून देण्याच्या ओघात तो भरू नका.

प्रश्न : मागील वर्षांचे कटऑफ गुण पाहून यादी केली तर चालेल का? — एक विद्यार्थिनी, सोलापूर

गुणांवरून नाही, क्रमांकावरून करा. 2024 मध्ये सुधारित निकालानंतरही 17 विद्यार्थ्यांना 720 पैकी 720 गुण होते. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्याचे गुण 686 होते. 2024 च्या गुणांवरून 2025 ची यादी करणारा विद्यार्थी आपल्याला काहीच मिळणार नाही असे समजून घाबरला असता. अखिल भारतीय कोट्यासाठी देशपातळीवरील रँक आणि राज्यासाठी राज्य गुणवत्ता क्रमांक घ्या आणि आपल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक फेरीनुसार पाहा. पहिल्या व तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या क्रमांकातले अंतर किती आहे, यावरून त्या महाविद्यालयासाठी थांबण्यात अर्थ आहे का, हे समजते. राज्यात 2020 पूर्वीची आकडेवारी मात्र बाजूला ठेवा, कारण त्या वर्षी 70:30 हे प्रादेशिक आरक्षण रद्द झाले आणि मराठवाडा, विदर्भ व उर्वरित महाराष्ट्र असे गणितच उरले नाही.

प्रश्न : अखिल भारतीय आणि राज्य, दोन्हीकडे जागा मिळाली तर दोन्ही थोडे दिवस धरून ठेवता येतात का? — एक पालक, सातारा

नाही. मूळ कागदपत्रे एकाच ठिकाणी जमा होतात, आणि प्रवेशाची माहिती दोन्ही यंत्रणांकडे जाते. प्रश्न एवढाच उरतो की आधीच्या जागेतून केव्हा बाहेर पडता येते. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तरी अनामत परत मिळते. दुसऱ्या फेरीतली नाकारली, तर अनामत जप्त होते. शासकीय जागांसाठी ती खुल्या प्रवर्गाला 10,000 रुपये असते, पण अभिमत विद्यापीठांसाठी 2 लाख रुपये असते, म्हणून तिथे ‘बघू या’ म्हणून नोंदणी करू नये. तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की राजीनामा देता येत नाही. शेवटच्या स्ट्रे फेरीतली जागा सोडली, तर अनामत तर जातेच, शिवाय पुढच्या वर्षी नीट देता येत नाही.

राजीनामा द्यायचाच असेल तर तो विहित मुदतीत द्या आणि महाविद्यालयाने एमसीसीच्या पोर्टलवरून काढलेले पत्र हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका. साध्या कागदावर लिहून दिलेला राजीनामा ग्राह्य धरला जात नाही. पोर्टलवर तुमचे नाव त्या जागेवरच राहते आणि राज्याच्या पुढच्या फेरीत तुम्ही अपात्र ठरता.

प्रश्न : नवे शासकीय महाविद्यालय आणि जुने खासगी महाविद्यालय यांत वर कोणते लिहावे? — एक विद्यार्थी, जळगाव

शुल्काचा फरक कुटुंबाला साडेचार वर्षे खरोखर पेलणार नसेल, तर विचार करण्यासारखे फारसे उरत नाही. शासकीय वर लिहा. पेलत असेल, तरीही माझा कल शासकीयकडेच आहे, पण एका अटीवर : रुग्णालय चालते असले पाहिजे. अनेक नवी महाविद्यालये जिल्हा रुग्णालयाला जोडून सुरू झाली आहेत आणि तिथे रुग्णांची वाण नसते. उणीव असते ती अध्यापकांची आणि वसतिगृहाची. हे संकेतस्थळावर दिसत नाही. त्यासाठी तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा की वॉर्डातल्या फेऱ्या नियमित होतात का, आणि शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदनासाठी एका टेबलाभोवती किती जण उभे असतात. खासगीच्या बाबतीत उलट विचारायचे : खाटा भरलेल्या असतात, की फक्त तपासणीच्या दिवशी भरतात?

बंधपत्रही पाहा. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केल्यावर एक वर्षाची सेवा किंवा 10 लाख रुपये अशी अट आहे. अखिल भारतीय कोट्यातून दुसऱ्या राज्यात गेलात, तर त्या राज्याचे बंधपत्र लागू होते. त्याची मुदत आणि रक्कम वेगळी असते, आणि ती पसंती भरण्याआधी पाहायची असते.