स्टेटमेंटमध्ये १०० शेअर, नोटांवर ५०, आणि ॲपमध्ये भाव २९७?

"एकाच कंपनीचे ४० शेअर ६१५ ला आणि ३० शेअर ५८० ला घेतले, नंतर २० विकले. मग डिमॅट स्टेटमेंटमध्ये १०० कसे? ॲपमध्ये ॲव्हरेज २९७ दाखवतंय, त्या भावाला तर मी कधी घेतलेच नाहीत. खरेदीची किंमत नक्की कोणती धरायची?"

आधी एक लक्षात घ्या, सीडीएसएल असो की एनएसडीएल, स्टेटमेंटला तुम्ही शेअर कितीला घेतलेत हे माहीतच नसतं. त्यात जी रक्कम दिसते ती त्या दिवसाच्या बाजारभावाने काढलेली व्हॅल्यू असते, त्यामुळे किंमत तिथे शोधू नका, तिथून फक्त नग घ्या आणि किंमत व चार्जेस काँट्रॅक्ट नोटवरून.

आता नग. ७० घेतले, २० विकले, राहिले ५०, आणि दिसतायत बरोबर दुप्पट, म्हणजे एकास एक बोनस आलाय असं मला तरी वाटतं. खात्री करायची तर स्टेटमेंटच्या व्यवहारांच्या भागात जा, तिथे ५० ची एक क्रेडिट एंट्री सापडेल, तिच्यासमोर बोनस किंवा कॉर्पोरेट ॲक्शन लिहिलेलं असेल आणि तिची काँट्रॅक्ट नोट कुठेच नसेल, कारण बाजारात तो सौदा झालेलाच नाही. स्प्लिट असता तर जुन्या आयएसआयएनचे शेअर डेबिट होऊन नव्या नंबरावर जमा झालेले दिसले असते, म्हणून तो नंबरही बघून घ्या. आणि तारखांचा घोळ करू नका, नोटवर सौद्याची तारीख असते, डिमॅटमध्ये शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात, महिनाअखेरीला घेतलेले पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटात सापडतात.

मग किंमत. पहिली नोट समोर ठेवा. ४० गुणिले ६१५ म्हणजे २४,६००. ब्रोकरेज तुमचं किती ते नोटवर असेलच, मी ०.३ टक्के धरतो, झाले ७३.८०. एक्स्चेंजचे चार्जेस आणि सेबी फी मिळून ७५ पैसे. या सगळ्यावर, म्हणजे ब्रोकरेज आणि या चार्जेसवर (शेअरच्या रकमेवर नाही, इथे बरेच जण गोंधळतात) १८ टक्के जीएसटी, १३.४२. स्टँप ड्युटी खरेदीवर ०.०१५ टक्के, पूर्णांकात ४ रुपये. आणि एसटीटी ०.१ टक्के, २५ रुपये. बेरीज २४,७१६.९७, नोटच्या तळाशी जी नेट रक्कम असते ती हीच यायला हवी आणि लेजरला तेवढाच डेबिट. इथे एक-दोन रुपयांचा फरक आला तर राउंडिंगचा असतो, पण पन्नास-शंभरचा आला तर ब्रोकरेजचा रेट तपासा, किमान ब्रोकरेज लावलेलं असतं बऱ्याचदा.

आता टॅक्ससाठी यातून एसटीटी काढून टाकायचा, तो कॅपिटल गेनमध्ये खर्च म्हणून चालत नाही, बाकीचं सगळं किमतीत धरता येतं. उरले २४,६९१.९७, म्हणजे शेअरमागे ६१७.३०. दुसऱ्या नोटचंही असंच केलं की १७,४६५.२३ येतात, शेअरमागे साधारण ५८२.१७.

विकलेले २० कुठले? डिमॅटमध्ये आधी आलेले आधी गेले असं धरायचं, मनाने महागातले किंवा स्वस्तातले निवडता येत नाहीत. म्हणजे पहिल्या लॉटचे २० गेले, उरले २० आणि ३०. ॲप नेमकं हेच करतं पण चार्जेस न धरता, २० गुणिले ६१५ अधिक ३० गुणिले ५८०, झाले २९,७००, भागिले ५० म्हणजे ५९४, आणि बोनस आल्यावर १०० ने भागलं की २९७. तुमचा भाव सापडला, ॲपचं गणित चुकीचं नाही, फक्त ते तुम्हाला नफा-तोटा दिसावा म्हणून आहे, रिटर्न भरायला नाही.

रिटर्नमध्ये बोनसच्या ५० शेअरची किंमत शून्य धरतात आणि जुन्या ५० ची किंमत जशीच्या तशी राहते. म्हणजे उद्या ३०० च्या आसपास २० विकलेत तर ॲप म्हणेल किंचित फायदा, पण हिशोबात ते ६१७.३० चे शेअर असल्यामुळे शेअरमागे ३१७ च्या आसपास तोटा येतो. आणि बोनसचे शेअर शेवटी विकाल तेव्हा जवळजवळ सगळी रक्कम फायदा. बोनसचा होल्डिंग पिरियडही बोनस मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, मूळ खरेदीपासून नाही.

तोटा बघून लगेच विकायला धावू नका मात्र. रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले जुने शेअर रेकॉर्ड डेटनंतर नऊ महिन्यांच्या आत विकलेत आणि बोनसचे शेअर ठेवलेत, तर तो तोटा धरत नाहीत, तो हातात राहिलेल्या बोनसच्या किमतीत टाकतात. तुमच्या दोन्ही नोटांच्या तारखा रेकॉर्ड डेटशी ताडून बघा, शेवटी त्यावरच ठरेल.

विकलेल्या २० चा डीपी चार्ज सापडत नसेल तर तो नोटवर नसतो, लेजरला वेगळा पडतो.